आडवी दांडी

जगात खेळ एकच, बाकी सगळा व्यायाम. हे मॉरी टियरननचं मत होतं, आणि ते तो मागितलं नाही तरी देत असे. खेळ म्हणजे रग्बी लीग. देवाने सहा दिवस खपून पृथ्वी केली ती सातव्या दिवशी दुपारी तीनला सामना बघता यावा म्हणून, याबद्दल त्याला शंका नव्हती. स्वतः मॉरी हा खेळ आयुष्यात एकंदर अकरा मिनिटं खेळला होता. बाराव्या मिनिटाला त्याच्याच संघातला एक धिप्पाड गडी त्याच्या गुडघ्यावर पडला. तेव्हापासून मॉरीने खेळाची सेवा खुर्चीत बसून केली.

पोलिसात तो सार्जंट होऊन निवृत्त झाला. कारूना हेड नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, समुद्र दिसतो असं दलालाने सांगितलेल्या आणि न्हाणीघराच्या खिडकीतून वाकलं तर खरंच दिसणाऱ्या घरात, बायको नोरीनबरोबर राहत होता. शहात्तर वर्षांचा होता. आणि एका मंगळवारी त्याला खात्याचा फोन आला.

"बेवारस मृतांच्या जुन्या फायली पुन्हा उघडतोय," फोनवरची मुलगी म्हणाली. "एकोणऐंशी सालचा हायवेवरचा माणूस. तपास तुमचा होता. येता का जरा?"

मॉरीने कपाटातून क्लबचा टाय काढला.

"मेलेल्या माणसाला भेटायला टाय?" नोरीनने विचारलं.

"चव्वेचाळीस वर्षांनी माझी आठवण झालीय खात्याला. काहीतरी अडलं असणार त्यांचं."

"तुझं अडलं होतं म्हणून तर फाइल उघडी राहिली ना रे," ती म्हणाली, आणि टायची गाठ नीट करून दिली.

फोनवरच्या मुलीचं नाव थेया कारव्हेलास. तिशीच्या आतली, केस कानामागे खोचलेले, टेबलावर तीन पडदे आणि एक उष्टा कॉफीचा कप. फोटो कुठे उभं राहून काढला गेलाय ते शोधायचं, हा तिचा धंदा. विजेच्या तारांवरून, झाडांवरून, रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून. मॉरीला हा धंदा फारसा पटला नाही. त्याच्या काळी माणूस कुठे होता हे कळायला माणसालाच बदडून विचारत. मेलेल्यांच्या बाबतीत ही पद्धत चालत नसे, हे मात्र त्याने मनात कबूल केलं.

फाइल आठवायची गरज नव्हती. जुलै महिना, पहाटेचं धुकं, हायवेवर पडलेला तरुण. कुठल्याशा ट्रकने उडवला होता आणि ट्रक थांबला नव्हता. वय वीस-पंचवीस. उंची एकशे पंचाहत्तर सेंटिमीटर. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. खिशात कागद नाही, पत्ता नाही. फक्त शर्टाच्या खिशात, पाकिटात बसेल असा कात्रीने कापलेला, काडेपेटीएवढा रंगीत फोटो. फोटोत एक माणूस खांबाला हात लावून उभा. माणूस नखाएवढा, तोंड टाचणीच्या डोक्याएवढं. मागे मैदान.

अशा फोटोवरून माणूस ओळखणं शक्य नव्हतं. मैदान ओळखणं शक्य होतं. आणि मॉरीने ते ओळखलं होतं. फोटो ठेवलेल्या लिफाफ्यावर बत्तीस वर्षांच्या मॉरीचं ठसठशीत अक्षर अजून होतं : 'रग्बी लीगचं मैदान.' खाली दोन रेघा.

"हे तुम्हीच लिहिलंत?" थेयाने विचारलं.

"मीच. तीनशे बारा क्लबांना पत्रं पाठवली मी, पोरी. हातांनी पत्ते लिहून. अख्खी दोन राज्यं पालथी घातली."

"कुठली दोन?"

"कुठली म्हणजे? लीग जिथे खेळतात ती दोन. इथलं आणि वरचं."

"आणि खाली? दक्षिणेकडे?"

"तिकडे कशाला? तिकडे त्यांचा तो हवेत उड्या मारायचा फुटबॉल, फुटी, खेळतात. तू कुठली?"

"अ‍ॅडलेडची."

"अरेरे," मॉरी मनापासून म्हणाला.

थेयाने फोटो मधल्या पडद्यावर घेतला. काडेपेटीएवढा फोटो हातरुमालाएवढा झाला, मग टेबलाएवढा. फिकुटलेलं आभाळ, पिवळट गवत, दोन उंच पांढरे खांब, आणि त्यांना जोडणारी आडवी काळसर रेघ. पडद्यावर ठळक इंग्रजी एच उभा राहिला. मॉरीला हायसं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांत तो एच कुठेही गेला नव्हता.

"बघ. दोन खांब, मध्ये आडवी दांडी. लीगचा गोल. आंधळ्यालाही कळेल."

"दांडी कुठे संपते?"

"खांबाशी. दांडी खांबालाच ठोकतात. लोंबकळत नाही ती."

"डाव्या खांबाशी बघा."

मॉरीने चष्मा वर केला, खाली केला. डाव्या खांबाच्या पलीकडे, फोटो कापला होता त्या कडेपर्यंत, काळसर रेघ तशीच पुढे गेली होती. मूळ फोटोत ती जेमतेम दोन मिलिमीटर भरली असती. पडद्यावर तळहाताएवढी होती.

"डाग असेल," तो म्हणाला.

"उजवीकडेही आहे."

उजवीकडेही होती.

"तुमच्या खेळात दांडी खांबाच्या बाहेर येते का कधी?"

आयुष्यात त्याने पाहिलेले सगळे गोल त्याच्या डोळ्यांपुढून गेले, गावातल्या गंजक्या पाइपांपासून मोठ्या स्टेडियमपर्यंत. "नाही," तो म्हणाला.

"मग ही दांडी नाही. मागे लांबवर काहीतरी आडवं आहे, ते नेमकं खांबांच्या मध्ये आलंय. काय ते नंतर बघू. आता खाली बघा, खांबाच्या पायाशी. ही पांढरी रेघ कुठे जाते?"

फक्कीची ती रेघ उजव्या खांबाच्या बुंध्यापासून निघून कॅमेऱ्याकडे येत होती. डाव्या खांबापासूनही तशीच एक, गवतात अर्धी बुडालेली.

"लीगमध्ये खांब ज्या रेषेवर असतात ती रेष अशी आडवी जाते," थेयाने हाताने दाखवलं, "या कडेपासून त्या कडेपर्यंत. बरोबर? खांबातून पुढे, मैदानाकडे, अशी रेघ निघते का?"

"नाही निघत."

"आमच्यात निघते. दोन्ही खांबांतून नऊ नऊ मीटर पुढे. त्याचा चौकोन होतो, तिथून बचाववाला चेंडू मारतो. आता सावल्या मोजा."

"पोरी, मी काय शाळेत आलोय?"

"मोजा तर."

हिवाळ्यातलं कलतं ऊन होतं. सावल्या लांब, सगळ्या उजवीकडे पडलेल्या. मॉरीने मोजल्या. एक या खांबाची. एक त्या खांबाची. त्या माणसाची लहानशी. आणि एक डाव्या कडेतून आत शिरलेली, सडसडीत, सरळ. फोटोत नसलेल्या कशाची तरी.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या खांबाची. तो कात्रीत गेला. चौथा उजवीकडे होता, त्याची सावली बाहेर पडली. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके, आडवी दांडी कुठेच नाही. आमच्याकडे पोरं आधी चार खांब मोजायला शिकतात, मग बोटं." तिने पडद्यावर बोटाने अंतर दाखवलं. "आणि फोटोतला माणूस मृतच असेल, तर दोन खांबांतलं अंतर त्याच्या उंचीच्या साडेतीनपटीहून जास्त भरतंय. सहा मीटर चाळीस. तुमच्यात साडेपाचच असतं. हे मी नुसतं जोडीला धरते. सावली पुरे आहे."

थेयाने फाइलच्या तळाशी हात घातला आणि एक पिवळं पडलेलं पत्र काढलं. "हे तुम्हाला आलेलं उत्तर. पश्चिमेकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या क्लबचे चिटणीस."

पत्र चार ओळींचं होतं. 'महाशय, आपण पाठवलेली प्रत पाहिली. खांबांच्या मागे चार पावलांवर कुंपण दिसते. आमच्या खेळात गुण मिळवायचा तर चेंडू घेऊन खांबांच्या मागच्या गवतात पडावे लागते. या मैदानावर पडणारा कुंपणात पडेल. हे मैदान आमच्यापैकी कुणाचे असेल असे वाटत नाही. कळावे.'

समासात मॉरीच्या हातचे दोन शब्द होते : 'विनोदी माणूस.'

मॉरीने पत्र दोनदा वाचलं. मग टाय सैल केला, काढला, घडी घालून खिशात ठेवला. भिंगाचा त्याला मोठा अभिमान होता. सासऱ्याने लग्नात दिलेलं ते पितळी भिंग त्या वर्षी त्याच्या टेबलाच्या वरच्या खणात होतं. त्यातून त्याने फोटोतला माणूस पाहिला होता, तासन्‌तास. खांबांकडे भिंग नेलं नव्हतं. खांब काय बघायचे? खांब त्याला माहीत होते.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की मॉरीला ते अपमानासारखं वाटलं. थेयाने फोटो दक्षिणेकडच्या गावोगावच्या फुटी क्लबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट उत्तरं आली आणि सगळ्यांत एकच नाव : बूरनाप. गव्हाच्या कोरडवाहू मुलखातलं, चारशे वस्तीचं गाव. आडवी रेघ म्हणजे तिथल्या गव्हाच्या उंच कोठारांच्या माथ्यावरचा, धान्य नेणारा झाकलेला पूल होता. कोठारं पांढरी, आभाळही पांढरं, त्या पहाटे दवात भिजून फोटो विटला तशी ती आभाळात विरघळली आणि काळा पूल तेवढा अधांतरी उरला. त्या मुलखात लहान पोरंही ते सांगू शकली. मैदानावर रेघा मारणाऱ्या एका म्हाताऱ्याने तर कळवलं होतं, उजवीकडची रेघ वाकडी आहे, म्हणजे ती बूरनापच्या क्लेमने मारलेली. क्लेम शनिवारी सकाळी नऊच्या आधीच दोन बाटल्या टाकत असे.

बूरनापमधून एकोणऐंशीच्या आधी कोण गेलं होतं? एकच. लिंडसे क्रोन, वय बावीस. घरच्यांनी त्यांच्या राज्यात तक्रारही नोंदवली होती. ती तिथल्या फडताळात होती, प्रेत इथल्या. दोन्हींच्या मध्ये राज्यांच्या हद्दीची एक नदी होती, आणि मॉरी. आई-बाप गेले होते. बहीण होती, व्हॅलमाय, एकाहत्तर वर्षांची, त्याच घरात. तिच्या तोंडातला नमुना घेतला गेला, नंबराची कबर उकरली गेली, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही जुळले.

खात्याने तिला पाठवायच्या पत्राचा मसुदा थेयाने मॉरीला दाखवला. त्यात लिहिलं होतं की ओळख पटण्यास झालेला विलंब तत्कालीन तंत्रज्ञानाच्या मर्यादांमुळे होता.

"कुठलं तंत्रज्ञान?" मॉरी म्हणाला. "भिंग होतं माझ्या खणात."

"मॉरी, पत्र वरून आलंय. मला बदलता येत नाही."

"मी जातो."

"तिथल्या पोलिसांनी सांगितलंय तिला. तुम्ही जायची गरज नाही."

"गरज नाहीच. म्हणून तर म्हणतो, जातो."

थेयाने मसुदा बाजूला ठेवला. "मग स्वतःच्या वतीने जा, खात्याच्या नको. आणि एक सांगू? तिथे गेल्यावर जगात खेळ एकच आहे वगैरे सुरू करू नका."

"तुला कुणी सांगितलं ते?"

"बाहेर रिसेप्शनवरच्या पोराला तुम्ही पाच मिनिटांत दोनदा सांगितलंत."

दोन दिवसांचा रस्ता होता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झाडं बुटकी झाली, माती तांबडी झाली, आणि वाटेतल्या गावांतल्या मैदानांवरचे गोल बदलले. कुठल्या गावापासून, हे मॉरीला सांगता आलं नसतं. एका गावात शाळेच्या मागे दांडी होती. पुढच्या गावात चार उघडे खांब. मध्ये पाटी नव्हती की चौकी नव्हती. चौथ्या-पाचव्या मैदानानंतर तो मोजायचा थांबला.

बूरनापची कोठारं दहा मैलांवरून दिसली. माथ्यावर काळा पूल होता.

व्हॅलमाय क्रोन दारातच उभी होती. उंच, हाडकुळी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "टियरनन तुम्हीच ना? गाडीवरून ओळखलं. इथे धूळ न बसलेली गाडी कुणाचीच नसते. या. चहात साखर?"

"दोन."

"डॉक्टर काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात. मी दुसरीकडे बघतो."

चहा झाला. वर चुऱ्याचा थर दिलेला केक झाला. पावसाबद्दल बोलणं झालं, तो नव्हता. मॉरीने तयार केलेलं भाषण खिशात होतं, त्याला हात लावायची हिंमत होत नव्हती. भिंतीवर संघांचे फोटो होते, ओळीने हात बांधून उभे असलेले दांडगट. आणि फडताळावर, काचेच्या चौकटीत, एक फोटो होता.

मॉरी उठून तिथे गेला. चौकटीत तोच माणूस होता, खांबाला हात लावून. कापलेला नव्हता. चार खांब होते, मधले उंच, कडेचे बुटके, सगळे स्वच्छ पांढरे. मागे कोठारं. एखाद्याने हाताची चार बोटं समोर धरून किती म्हणून विचारावं, इतकं ते सोपं होतं.

"मीच काढलेला," व्हॅलमाय म्हणाली. "नवा कॅमेरा घेतला होता. दोन प्रती केल्या. एक त्याने कात्री घेऊन तिथेच कापली, म्हणे पाकिटात मावत नाही. मी ओरडले त्याला, निम्मा गोल फुकट घालवलास."

"मिस क्रोन," मॉरी म्हणाला. मग भाषण विसरला. "त्या फोटोवर रग्बी लीग असं मी लिहिलं. तंत्रज्ञान वगैरे काही नाही. मी आडवी दांडी बघितली. नव्हती ती. मी तीनशे बारा क्लबांना विचारलं, आणि तुमच्यापैकी एकालाही विचारलं नाही. एका माणसाने मला लिहून कळवलं होतं, त्याला मी हसलो. हे सांगायला आलो."

बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत राहिलं.

"बसा," ती शेवटी म्हणाली. "उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही." तो बसला. "बाबा अठ्ठ्याऐंशीला गेले. तुम्ही बरोबर लिहिलं असतंत तर त्यांना एकोणऐंशीलाच कळलं असतं. बरोबर?"

"एका आठवड्यात."

"एका आठवड्यात," तिने म्हटलं, जणू चव घेऊन बघत होती. "अठ्ठ्याहत्तरची फायनल होती. शेवटचा भोंगा झाला तेव्हा चेंडू लिंडसेच्या हातात; झेललेला चेंडू भोंग्यानंतरही मारू देतात. एक गुण मागे होतो. अवघी तीस पावलं, समोरासमोर. मारला तो खांबावर. मधून गेला तर सहा, खांबाला लागला तर एकच गुण, बरोबरी; पुढच्या शनिवारी पुन्हा खेळलो आणि साठ गुणांनी हरलो. हरून परतताना बाबा गाडीत त्याला म्हणाले, 'चार खांब उभे केलेत तुझ्यासाठी, त्यातले मधले दोन दिसले नाहीत?' बस, एवढंच. रविवारी सकाळी तो घरात नव्हता."

"एवढ्यावरून?"

"तुम्हाला खेळ कळत नाही वाटतं."

मॉरीने मान खाली घातली. हे वाक्य त्याला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं.

"बाबा दहा वर्षं तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. शेवटी शेवटी दवाखान्यात नर्सला विचारायचे, मी काय वाईट बोललो? पोरगा रागावून आला नाही, असंच धरून चालले. आणि तो तर केव्हाच..." तिने केकचा चुरा बोटाने गोळा केला. "आई जास्त जगली. तिने कधी विचारलंच नाही. ते त्याहून वाईट."

"मला माफ करा म्हणायलाही—"

"मग म्हणू नका. मला एक सांगा. फाइल तुम्ही पाहिलीत. तो कुठल्या बाजूला होता? हायवेच्या? उत्तरेकडे जाणाऱ्या की इकडे येणाऱ्या?"

हा प्रश्न येईल हे मॉरीला दोन दिवस गाडीत ठाऊक होतं. उत्तरही तयार होतं. इकडे येणाऱ्या. घरी येत होता, बाई. फोटो खिशात होता त्याच्या. कुणाचं काय बिघडणार होतं? कुणी तपासणारही नव्हतं, तपासणारा तोच. एवढं दिलं की चव्वेचाळीस वर्षांतली निदान शेवटची पाच मिनिटं तरी बरी जातील. मॉरी टियरननने आयुष्यभर याहून कमी पुराव्यावर याहून ठाम विधानं केली होती.

त्याने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे हायवे होता, धुकं होतं, मधोमध फेकला गेलेला देह होता. ट्रकने तो किती फरफटत नेला हे कुणी मोजलं नव्हतं. बूट एकीकडे होता, दुसरा सापडला नव्हता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "त्यावरून दिसत नाही. दिसत नाही म्हणून सांगता येत नाही."

व्हॅलमायने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, फडताळावरची चौकट उचलली, कमरेला खोचलेल्या फडक्याने काच पुसली आणि परत होती तिथे ठेवली, किंचित तिरकी. मॉरीला ती सरळ करावीशी वाटली. केली नाही.

"त्याला इथे आणणार आहेत पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली. "बाबांच्या शेजारी जागा आहे. पाद्री विचारत होते, कुणी बोलणार का. कोण बोलणार? त्याच्याबरोबर खेळलेले चौघे उरलेत आणि त्यातल्या दोघांना आता स्वतःचं नाव आठवत नाही."

"मी येऊ?"

"कशाला?"

मॉरीने रिकाम्या कपात डोकावून पाहिलं.

"या, हवं तर," ती म्हणाली. "मागे उभे राहा."

त्याने कप उचलून स्वयंपाकघरात नेला, धुतला, उपडा ठेवला. नोरीन पाहती तर फोटो काढती. दारापर्यंत व्हॅलमाय सोबत आली. ऊन कललं होतं. रस्त्याच्या टोकाशी मैदान दिसत होतं, आणि कुणीतरी गाडा ढकलत शनिवारच्या सामन्यासाठी पांढऱ्या रेघा मारत होतं. गोलापासून निघालेली रेघ इथूनही दिसत होती.

मॉरी पायरी उतरला. तो फाटकापर्यंत गेला, कडी काढली.

"मिस्टर टियरनन!"

तो वळला. ती पायरीवर उभी होती, एक हात दाराच्या चौकटीवर.

"मैदानावरूनच जाणार ना तुम्ही? तिथे तो गाडेवाला आहे, ट्रेव्हर, त्याला तेवढं सांगाल? म्हणावं, या शनिवारी कॅन्टीनवर माझी पाळी आहे, पण मला नाही जमायचं. कांदे दुसऱ्या कुणीतरी चिरा."